ॲलोप्युरिनॉल नुकतंच सुरू झालंय? पहिले सहा महिने असे काढा

गाउटसाठी ॲलोप्युरिनॉल सुरू केलेले कितीतरी पेशंट ती गोळी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच सोडून देतात. कारण एकच असतं, गोळी चालू असताना अंगठा पुन्हा सुजतो. कोपरखैरण्यात माझं मेडिकल आहे. अर्धी वापरलेली स्ट्रिप काउंटरवर ठेवून "ही लागू पडत नाही हो, उलट वाढलंय, दुसरी काहीतरी द्या" असं म्हणणारी माणसं मला नेहमी भेटतात. त्यांची चूक नसते. गोळी लिहून देताना हा ॲटॅक येऊ शकतो हे त्यांना कुणी नीट सांगितलेलंच नसतं. म्हणून हा लेख, ज्यांच्या हातात पहिली स्ट्रिप नुकतीच आलीय त्यांच्यासाठी. डोस ठरवायचं काम डॉक्टरांचं आहे. तो तसा का ठरवला जातो आणि वाटेत काय होईल, एवढं इथे वाचा.

आधी समजून घ्या, ही दुखण्याची गोळी नाही

झायलोरिक या नावानेही बरेच जण ओळखतात ती हीच गोळी. ती वेदना कमी करत नाही, सूज उतरवत नाही. रात्री दोन वाजता अंगठा ठणकायला लागला म्हणून ही गोळी जास्तीची घेतली तर काहीही उपयोग होत नाही. शरीरात युरिक ॲसिड तयार करणारं एक एन्झाइम असतं, झँथिन ऑक्सिडेज. ॲलोप्युरिनॉल त्याचं काम मंदावतं आणि युरिक ॲसिड मुळातच कमी बनतं.

रक्तातलं युरिक ॲसिड साधारण ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते पूर्ण विरघळलेलं राहू शकत नाही. त्याचे सुईसारखे बारीक स्फटिक सांध्यात साचायला लागतात, आणि साचत राहतात ते वर्षानुवर्षं. पायाचा अंगठा पहिल्यांदा सुजतो तेव्हा त्या सांध्यात हा साठा बहुतेक वेळा आधीपासून असतोच. आता उपचार म्हणजे रक्तातली पातळी ६ च्या खाली आणायची आणि खालीच ठेवायची. मग साचलेले स्फटिक हळूहळू विरघळतात. कानाच्या पाळीवर, कोपरावर किंवा बोटांवर पांढुरक्या गाठी झाल्या असतील, तर साठा मोठा असतो. अशा वेळी डॉक्टर ५ च्या खालचं लक्ष्य ठेवतात.

पहिली गोळी घेण्याआधी डॉक्टरांना काय सांगायचं

क्रिएटिनिनचा रिपोर्ट झालेला असावा, कारण पहिला डोस किडनीवर ठरतो. युरिक ॲसिड कधी तपासलं होतं तेही बघा. ऐन ॲटॅकमध्ये केलेल्या तपासणीत ते कधीकधी नॉर्मल दिसतं आणि "तुम्हाला गाउट नाहीच" असा गैरसमज होतो. ॲटॅक शमल्यावर दोनेक आठवड्यांनी केलेला आकडा जास्त भरवशाचा.

चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी दाखवा. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांमध्ये लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायाझाइड असतं, त्याने युरिक ॲसिड वाढतं. तुमच्या बाबतीत ती बदलता येते का, हे डॉक्टर ठरवतील. हृदयासाठी लहान ॲस्पिरिन चालू असेल तर ती मात्र मनाने बंद करू नका. रक्त पातळ करणारं वॉरफेरिन घेत असाल तर तेही सांगा.

एक औषध मात्र न विसरता सांगायलाच हवं. किडनी बदललेले किंवा काही दीर्घ आजारांचे पेशंट ॲझाथायोप्रिन घेतात. ते आणि ॲलोप्युरिनॉल एकत्र आलं तर रक्तपेशी धोकादायक रीतीने घटू शकतात. यामागे एक इतिहास आहे. गरट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या प्रयोगशाळेत ॲलोप्युरिनॉलचा विचार आधी झाला तो मर्कॅप्टोप्युरिन या कॅन्सरच्या औषधाचा असर वाढवण्यासाठी, कारण तेच झँथिन ऑक्सिडेज त्या औषधाला शरीरात मोडून टाकतं. ॲझाथायोप्रिनचं शरीरात मर्कॅप्टोप्युरिनच होतं. ज्या गुणामुळे ही गोळी तिथे वापरून पाहिली गेली, त्याच गुणामुळे ती ॲझाथायोप्रिनसोबत घातक ठरते. १९६६ पासून ती गाउटसाठी वापरात आहे आणि त्या दोघांना १९८८ साली नोबेल मिळालं.

१०० पासूनच का

किडनी ठीक असेल तर सुरुवात रोज १०० मिलिग्रॅमने होते. किडनी कमजोर असेल तर ५० ने, म्हणजे १०० ची अर्धी गोळी. नंतर दोन ते पाच आठवड्यांच्या टप्प्याने डोस वाढवत नेतात. दिवसातून एकदा, जेवणानंतर, भरपूर पाण्यासोबत घ्या म्हणजे मळमळत नाही. हृदय किंवा किडनीसाठी पाण्यावर मर्यादा नसेल तर दिवसभरात दोन ते अडीच लिटर पाणी पोटात जायला हवं. रबाळे-महापे पट्ट्यात शेडखाली मशीनवर उभं राहून काम करणाऱ्यांना घाम खूप येतो आणि बाथरूमला जायला लागू नये म्हणून ते पाणी टाळतात. गाउटमध्ये ही सवय महागात पडते.

थेट ३०० ने सुरुवात केली तर लवकर गुण येईल असं वाटतं. पण कमी डोसने सुरू करण्याची दोन ठोस कारणं आहेत. एक म्हणजे या औषधाची एक दुर्मीळ पण जिवावर बेतणारी ॲलर्जी आहे आणि सुरुवातीचा डोस मोठा असेल, विशेषतः किडनी कमजोर असताना, तर तिचा धोका वाढतो. दुसरं म्हणजे युरिक ॲसिड एकदम कोसळलं की ॲटॅक जास्त येतात.

सुरुवातीला ॲटॅक का वाढतात

सोसायटीची पाण्याची टाकी धुतली की दोन दिवस नळाला गढूळ पाणी येतं, कारण तळाशी वर्षानुवर्षं बसलेला गाळ हलतो. सांध्यात असंच होतं. रक्तातली पातळी खाली आली की साचलेल्या स्फटिकांचा वरचा थर विरघळायला लागतो. साठा सैल होतो आणि त्यातले सुटे स्फटिक सांध्याच्या द्रवात उतरतात. इतकी वर्षं गप्प पडून असलेले हे स्फटिक आता पांढऱ्या पेशींच्या नजरेत येतात, त्या त्यांच्यावर तुटून पडतात, आणि सांधा लाल, गरम, सुजलेला होतो. ज्या सांध्यात पूर्वी कधी त्रास नव्हता, तिथेही हे होऊ शकतं, कारण साठा तिथेही होता, फक्त जाणवत नव्हता.

म्हणजे हा ॲटॅक गोळी निकामी असल्याची खूण नाही. पातळी हलली की असे ॲटॅक येऊ शकतात. पहिले तीन ते सहा महिने हा काळ धरा. साठा मोठा असेल तर थोडा जास्त.

याच काळासाठी डॉक्टर सोबत दुसरी गोळी देतात, बहुतेक वेळा कोल्चिसिन, ०.५ मिलिग्रॅम दिवसातून एकदा किंवा दोनदा. ती युरिक ॲसिडला हात लावत नाही, पांढऱ्या पेशींचा हल्ला मंदावते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ॲलोप्युरिनॉल सुरू करणाऱ्या ४३ जणांपैकी काहींना कोल्चिसिन दिलं, बाकीच्यांना नुसती दिसायला तशी गोळी. कोल्चिसिन घेणाऱ्यांत ३३ टक्के लोकांना ॲटॅक आला, दुसऱ्या गटात ७७ टक्के. अभ्यास लहान आहे, पण फरक मोठा आहे. माझ्याकडे येणाऱ्या प्रिस्क्रिप्शनवर ही दुसरी गोळी कधीकधी नसते. तुमच्या चिठ्ठीवर नसेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, "सुरुवातीच्या ॲटॅकसाठी काही द्यायचंय का?" कोल्चिसिन चालत नसेल तर दुसरे पर्याय आहेत.

कोल्चिसिनबद्दल एक कळकळीचं सांगणं. "जुलाब होईपर्यंत तासातासाला घ्यायची" ही जुनी पद्धत अजून काही घरांत ऐकू येते. ती धोक्याची आहे, कारण या औषधाचा योग्य डोस आणि विषारी डोस यांत अंतर कमी आहे. जुलाब सुरू झाले तर डॉक्टरांना कळवा. किडनी कमजोर असेल तर डोस आणखी कमी लागतो. घशाच्या किंवा छातीच्या इन्फेक्शनसाठी क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिलं गेलं तर कोल्चिसिन चालू असल्याचं तिथे नक्की सांगा, दोन्ही एकत्र चालत नाहीत.

एक उदाहरण, आकड्यांसकट

समजा, घणसोलीत राहणारे एक ४७ वर्षांचे गृहस्थ आहेत, एमआयडीसीत शिफ्ट सुपरवायझर. वर्षभरात चार ॲटॅक आलेत. युरिक ॲसिड ९.४, क्रिएटिनिन १.०. डॉक्टरांनी ॲलोप्युरिनॉल १०० आणि कोल्चिसिन ०.५ रोज एकदा सुरू केलं.

तिसऱ्या आठवड्यात डावा घोटा सुजला. आदल्या रविवारी घरी वालाचं बिरडं झालं होतं. बायको म्हणाली, "अहो, सांगत होते ना, बिरडं कमी खा." तो सगळा दोष बिचाऱ्या वालावर गेला. खरं तर डाळी-उसळींनी गाउटचे ॲटॅक वाढतात असं दिसलेलं नाही. बिअर, दारू, मटण, कलेजी, सुकट-सोडे यांचं सांभाळायला हवं, आणि गटारीच्या आठवड्यात तर विशेष. पण नुसत्या पथ्याने आकडा साधारण एकाच्या आसपासच उतरतो. ९.४ चा ५.५ करणं पथ्याच्या आवाक्यात नाही. इथे घोटा सुजला तो पातळी खाली यायला लागली म्हणून.

त्या दिवशी त्यांनी काय करावं? ॲलोप्युरिनॉल १०० नेहमीच्या वेळी घ्यावी, बंद करू नये आणि वाढवूही नये. ॲटॅकसाठी डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेली सूज उतरवायची गोळी पहिल्या काही तासांतच सुरू करावी. ती चिठ्ठी पहिल्याच भेटीत मागून ठेवायची असते, कारण ठणका मध्यरात्री लागतो आणि तेव्हा क्लिनिक बंद असतं. पाय उशीवर उंच ठेवावा, टॉवेलमध्ये गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ लावावा. त्या पायावर ठाणे-वाशी लोकलच्या गर्दीत उभं राहण्यापेक्षा दोन दिवस सुट्टी परवडते. ताप चढला, थंडी वाजली आणि एकच सांधा भयंकर दुखत असेल, तर मात्र घरी थांबायचं नाही. सांध्यात इन्फेक्शन असू शकतं आणि ते गाउटसारखंच दिसतं.

चौथ्या आठवड्यात तपासणी केली, युरिक ॲसिड ८.३. म्हणजे घोटा सुजला असला तरी गोळी काम करत होती. डोस २०० झाला. आठव्या आठवड्यात ७.२, डोस ३००. बाराव्या आठवड्यात ६.४.

गाडी इथेच अडकते, म्हणून इथे जरा थांबू. लॅबच्या रिपोर्टवर नॉर्मलची वरची मर्यादा पुरुषांसाठी ७ च्या आसपास छापलेली असते. ६.४ समोर ना ठळक अक्षर, ना चांदणी. पेशंटला वाटतं झालं काम. पण ती मर्यादा गाउट नसलेल्या माणसांसाठी आहे. तुमच्या सांध्यात साठा आहे आणि तो विरघळायला हवा असेल, तर आकडा ६ च्या खालीच लागतो. ६.४ वर तो फार रेंगाळत विरघळतो. ३०० ही काही शेवटची पायरी नाही. गरज पडली तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली डोस त्याच्याही पुढे नेता येतो, काहींना ६०० पर्यंत आणि क्वचित त्याहून जास्तही लागतो. किडनी कमजोर असलेल्यांमध्येसुद्धा सावकाश, तपासण्या करत वाढवता येतो. त्यांच्यासाठी सुरुवात आणखी कमी आणि पायऱ्या लहान, एवढाच फरक.

आपल्या उदाहरणात डोस ४०० झाला, ३०० सकाळी आणि १०० रात्री. सोळाव्या आठवड्यात आकडा आला ५.६. पाचव्या महिन्यात गुडघा एकदा हलकासा दुखला, तीन दिवसांत गेला. सहा महिने झाल्यावर डॉक्टरांनी कोल्चिसिन थांबवलं, ॲलोप्युरिनॉल ४०० तसंच ठेवलं. त्यानंतर सहा महिन्यांनी एकदा युरिक ॲसिड आणि क्रिएटिनिन. तुमचे आकडे वेगळे असतील, काहींना २०० पुरते. क्रम मात्र हाच: गोळी, तपासणी, पुढची पायरी, पुन्हा तपासणी.

गोळी खरंच कधी थांबवायची

ॲटॅक आला म्हणून थांबवायची नाही, पण अंगावर पुरळ आलं तर लगेच थांबवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. वर म्हटलेली ॲलर्जी बहुधा पहिल्या दोन-तीन महिन्यांत दिसते. पुरळासोबत ताप असेल, तोंडात फोड, डोळे लाल, चेहऱ्यावर सूज, कातडी सोलवटणं किंवा कावीळ असेल, तर क्लिनिक उघडायची वाट न बघता थेट हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा आणि स्ट्रिप सोबत न्या.

मे महिन्यात आपल्याकडे घामोळं कुणाला येत नाही! पण गोळी सुरू होऊन तीन महिने व्हायच्या आत अंगावर काही उठलं, तर ते घामोळं आहे हे डॉक्टरांनी सांगू दे, आपण ठरवायचं नाही. खात्री होईपर्यंत गोळी बंद. आणि एकदा या कारणाने बंद झाली की "बघू परत घेऊन" हा प्रयोग घरी कधीही करायचा नाही. फेबुक्सोस्टॅटसारखे दुसरे पर्याय आहेत, त्यांची निवड डॉक्टर करतील, हृदयाचा त्रास असेल तर तोही लक्षात घेऊन. घरात जुन्या फेबुक्सोस्टॅटची स्ट्रिप पडली असेल तर ॲलोप्युरिनॉलच्या जोडीला ती घेऊ नका.

सगळं शांत झाल्यावर

वर्ष सुरळीत गेलं की मनात येतं, आता कशाला गोळी? मला हीच वेळ सगळ्यात जास्त काळजीची वाटते. पहिल्या महिन्यात सोडणारा माणूस निदान दुखतंय म्हणून सोडतो. हा मात्र बरं वाटतंय म्हणून सोडतो. ॲलोप्युरिनॉल शरीरात काही कायमचं दुरुस्त करत नाही. गोळी थांबली की एक-दोन आठवड्यांत युरिक ॲसिड जवळपास जुन्या जागी परत जातं. ॲटॅक मात्र लगेच येत नाही, कारण स्फटिक साचायला वेळ लागतो. काही महिने, कधी वर्षभर काहीच होत नाही आणि माणसाची समजूत पक्की होते की गोळीची गरज नव्हतीच. मग अंगठा पुन्हा धरतो.

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम इथे ५१७ पेशंटांवर झालेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाला प्रशिक्षित नर्सनी आजार समजावून सांगितला, डोस पायरीपायरीने वाढवला, मधूनमधून विचारपूस केली. बाकीच्यांना नेहमीसारखे उपचार मिळाले. दोन वर्षांनी पहिल्या गटातले ९५ टक्के लोक ६ च्या खाली होते, दुसऱ्या गटातले ३० टक्के. औषधं त्याच घराण्यातली होती. फरक पडला तो समजावून सांगण्याने आणि पाठपुराव्याने. आपल्याकडे अशी नर्स सहसा मिळत नाही. म्हणून तारीख, डोस आणि युरिक ॲसिडचा आकडा असे तीन रकाने एका वहीत किंवा मोबाइलमध्ये ठेवा आणि प्रत्येक भेटीला दाखवा.

स्ट्रिप संपायच्या आठवडाभर आधी पुढची आणा. महिन्याचा खर्च जड जात असेल तर जनऔषधी केंद्रात याच नावाची गोळी विचारून बघा, ब्रँड बदलला तरी चालतो, मिलिग्रॅम तेवढेच हवेत. एखादा दिवस विसरलात तर दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या घेऊ नका, नेहमीची एकच घ्या. गणपतीत गावी गेलात आणि स्ट्रिप घरीच राहिली, तर तिथल्या मेडिकलमध्ये मोबाइलमधला प्रिस्क्रिप्शनचा फोटो दाखवा. दुसऱ्या कुठल्या आजारासाठी ॲडमिट व्हावं लागलं तर चालू औषधांत ॲलोप्युरिनॉल नोंदवलं आहे ना, हे नातेवाइकांनी बघावं. आणि मध्ये बरेच आठवडे खंड पडला असेल, तर आपल्या मनाने थेट जुन्या ३०० किंवा ४०० वर जाऊ नका. आधी डॉक्टरांना फोन करा. बहुधा ते पुन्हा १०० पासून, आणि काही महिने कोल्चिसिनची सोबत देऊन, सुरुवात करायला सांगतील.